काळा कोको, तपकिरी कोको आणि पाव चमचा सोडा

अंडं आणि दूध दोन्ही न घालता केलेला चॉकलेट केक ही माझ्या ऑर्डरींपैकी सर्वांत जास्त मागणीची वस्तू. प्रमाण ठरलेलं आहे: दीड कप मैदा, अर्धा कप कोको, एक कप साखर, एक तृतीयांश कप तेल, एक कप पाणी, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि पाऊण छोटा चमचा खाण्याचा सोडा. मागच्या दिवाळीआधी इंदूरच्या सियागंज बाजारात नेहमीचा फिकट तपकिरी कोको संपला होता. दुकानदार म्हणाले, "भाभीजी, ये डार्क वाला ले जाइए, केक एकदम काला आएगा." सुटा माल, पाकिटावर काहीच छापलेलं नाही. ऑर्डरचा केक त्यावर करण्याआधी मी घरी, रामबागेत, थोड्या मापात करून पाहिला.

रंग खरोखरच देखणा आला, जवळजवळ काळा. पण केक नेहमीपेक्षा बसका होता आणि घास गिळल्यावर जिभेवर साबणासारखी चव राहत होती. बाकी सगळं तेच होतं, म्हणजे फरक कोकोचाच.

फिकट कोको, म्हणजे नॅचरल कोको, मुळात आंबट असतो. त्याचा पीएच साधारण ५.३ ते ५.८ असतो. गडद, म्हणजे डच-प्रोसेस कोकोला अल्कलीची, बहुधा पोटॅशियम कार्बोनेटची, प्रक्रिया दिलेली असते. ही रीत एकोणिसाव्या शतकात कुनराड व्हान हाउटन या डच रसायनतज्ज्ञाने काढली, म्हणून 'डच'. तिने पीएच ७ च्या आसपास किंवा थोडा वरही जातो, रंग गडद होतो, आंबटपणा आणि तुरटपणा जातो. चव मऊ होते, पण फळासारखी जी तीक्ष्ण झाक नॅचरल कोकोत असते तीही कमी होते.

आता सोड्याकडे बघा. त्याला आम्ल मिळालं की तो सगळा वायू देऊन संपतो. माझ्या केकमध्ये एक मोठा चमचा व्हिनेगर फार तर पाव छोटा चमचा सोडा सांभाळतं. उरलेल्यातला बराचसा अर्धा कप नॅचरल कोको सांभाळत होता, कारण तीन मोठे चमचे कोको साधारण एक अष्टमांश छोटा चमचा सोड्याला पुरतो. डच कोकोत हा आधारच नाहीसा झाला. ज्या सोड्याला आम्ल मिळत नाही तो निव्वळ उष्णतेने फुटतो, आणि तसा पूर्ण फुटला तरी निम्माच वायू देतो. मागे राहतो तो सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा. बसकेपणा आणि साबणाची चव, दोन्हींचं मूळ हेच.

आम्ही दही घालून जो केक करतो त्यात ही अडचण येत नाही. कपभर दही अर्धा छोटा चमचा सोडा आरामात संपवतं, त्यामुळे तिथे कुठलाही कोको चालतो. म्हणूनच दह्याचा केक करणाऱ्यांना हा फरक कधी जाणवत नाही.

ऑर्डरसाठी मी सोडा पाव छोटा चमचा केला, व्हिनेगर तेवढंच ठेवलं आणि दीड छोटा चमचा बेकिंग पावडर घातली. बेकिंग पावडरचं आम्ल तिच्यातच असतं, तिला कोकोच्या आंबटपणाची गरज नाही. केक नीट फुगला आणि साबणाची चव गेली. मात्र चव सौम्य वाटली, म्हणून पाण्याच्या जागी गरम कडक कॉफी घातली. माझ्या मते डच कोकोच्या केकला ती हवीच.

आता सुटा कोको घेतला की आधी तपासते. काचेच्या ग्लासात चमचाभर कोको कोमट पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि चिमूटभर सोडा टाकायचा. नॅचरल कोको फसफसतो आणि लालसर गडद होतो. डच जवळजवळ गप्प राहतो. शेजारी नुसत्या कोमट पाण्यात सोडा टाकलेला ग्लास ठेवावा, म्हणजे तुलना करता येते. पाकीटबंद मालावर घटकांमध्ये आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ हे आकडे दिसले, तर तो अल्कली दिलेला कोको समजावा.

नॅचरल कोकोच्या केकमध्ये सोडा मुद्दाम थोडा वाढवून रंग गडद करायची युक्तीही सांगितली जाते. रंग येतो खरा, पण थोडं माप चुकलं की तीच साबणाची चव येते, म्हणून मी ती करत नाही. काळा रंग हवाच असेल तर तो आयसिंगमध्ये आणते. तिथे सोडा नसतोच, डच कोको जितका हवा तितका घाला.