तुम्ही विचारलंत म्हणून: पॉटलकचा तक्ता

"मजेसाठी जमायचं, मग जेवणाचा एवढा तक्ता कशाला? जो तो काहीतरी आणेलच की!"

आणतोच. फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर नुसत्या 'नाव, पदार्थ' अशा कागदावर एकदा मणगण्याची चार पातेली जमली. एकीने 'चण्याच्या डाळीची खीर' लिहिलं होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून जागा आधी आखते: तोणाक-उसळीला तीन, भाताला दोन, गोडाला दोन. नावाशेजारी मुख्य जिन्नस लिहायचा. गोडाच्या जागा भरल्या की पुढच्याने दुसरं काही निवडायचं. एवढ्यावर कुणी रागावत नाही.

रागावतात ते पुढच्या रकान्यांवर. पूर्वी मीही म्हणायचे, शेजाऱ्यांना काय उलटतपासणी घ्यायची? ज्याला पथ्य आहे तो विचारेल. तेव्हाच्या कागदावर 'अ‍ॅलर्जीचं काही?' असा एक मोकळा रकाना होता. मिक्स भाजीपुढे तो कोरा राहिला. शेजारच्या मुलाला काजू चालत नाही. त्याच्या आईने कोरा रकाना पाहिला, भाजीत काजूचा तुकडा दिसत नाही हेही पाहिलं आणि वाढलं. काजू वाटणात होता, रस्सा दाट व्हावा म्हणून. थोड्या वेळात मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. हॉस्पिटलात अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर उतार पडला, तरी रात्रभर ठेवून घेतलं. भाजी करणारी बाई रडत एकच सांगत होती, "मला कुणी विचारलंच नाही." खरंच होतं ते. 'काही' या शब्दाला वाटण आठवत नाही.

आता प्रत्येक पदार्थापुढे काजू, शेंगदाणा, तीळ, दूध-तूप, अंडं, गहू आणि मासळी असे वेगळे रकाने असतात. उत्तर तीनच: आहे, नाही, माहीत नाही. कोरं चालत नाही. मासळीत सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, मुद्दाम लिहिते, कारण भाजीत चवीला टाकलेली चार सुंगटं पुष्कळांच्या हिशेबात मासळी नसतात. हिंगाचंही तसंच, डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

व्हीगन म्हणजे सगळ्यांना चालेल, हाही भ्रम गेला. नारळाच्या दुधातलं मणगणं तूप नसेल तर व्हीगन, पण त्यात काजू हटकून पडतो. म्हणून गोडाची एक जागा व्हीगन आणि बिनकाजूची अशी राखून ठेवते आणि ती भरल्याशिवाय दुसरी उघडत नाही. कागद दोन दिवस आधी बंद होतो. त्यातली उत्तरंच चिठ्ठीवर उतरवून भांड्याला चिकटवते, आणि प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव. मणगण्यातला डाव खतखत्यात गेला तर चिठ्ठी फुकट.

एवढं करून 'माहीत नाही' लिहून मोकळं होणारे आहेतच. तो पदार्थ मुलासाठी बाद, पण मग तक्ता भरलेला असूनही त्याच्या पानात भात आणि सोलकढीच उरते. मुलाचं नाव वर ठळक लिहावं असं त्याची आई म्हणते. मला ते पटत नाही. आमचं यावरून अजून वाजतं.