खडी चढण, नाडी आणि एका मिनिटाची उसंत

चढ एकूण 720 मीटरचा, अंतर जेमतेम 4 किलोमीटर. पहिला टप्पा झाडीतून, मग दगडांनी भरलेली घळ, तिच्या डोक्यावर खिंड आणि तिथून माथ्याकडे जाणारी उघडी धार. सकाळी सव्वासहाला निघालो. मी 52 वर्षांची, सोबत 47 वर्षांचे धाकटे दीर. वाट ठळक आहे, चुकायला फारसा वाव नाही. त्यामुळे इथे वाटेपेक्षा दमाबद्दलच लिहिते, कारण घळीत लोक अडतात ते दमाने.

निघण्याआधी दोघांनीही आपापले आकडे काढून ठेवले होते. वयाला 0.7 ने गुणायचं आणि ते 208 मधून वजा करायचं, की ठोक्यांची अंदाजे कमाल मिळते. माझी 172 आली. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजलेली नाडी 64. मधलं अंतर 108. या 108 चे साठ ते ऐंशी टक्के 64 मध्ये मिळवले की 129 ते 150 हा पट्टा येतो. लांबच्या चढावर याच पट्ट्यात राहायचं आणि 150 च्या वर फार वेळ रेंगाळायचं नाही, असा माझा हिशोब. दिरांची वरची मर्यादा 154 आली. पण हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्याची खरी कमाल त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वर किंवा खाली असते, म्हणून आकड्याला श्वासाची जोड लागतेच.

श्वासाची परीक्षा सोपी आहे. चालता चालता आठ-दहा शब्दांचं वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर. तीन-चार शब्दांनंतर हवा घ्यावी लागली तर आपण वरच्या कडेला आहोत. नुसतं ‘हो’, ‘नाही’ निघत असेल तर कडा ओलांडली. झाडीत दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर अशी लय बसली होती. घळीत ती एका पावलाला आत, एका पावलाला बाहेर अशी झाली. तीही तुटायला लागली तेव्हा मी श्वास तोच ठेवून पाऊल आखूड केलं. मागचा गुडघा क्षणभर सरळ ताठ करायचा, भार हाडांवर घ्यायचा, मग पुढचं पाऊल. लांबून बघणाऱ्याला हे रडतखडत चालणं वाटतं, पण खिंडीपर्यंत पोचवतं हेच.

घड्याळाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. पहिल्याच चढावर माझी वाक्यं तुटत होती आणि मनगटावर दिसत होतं 96. हे शक्यच नव्हतं. थांबल्याबरोबर मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून 15 सेकंद मोजले. 35 ठोके भरले, म्हणजे मिनिटाला 140. मनगटावरचं घड्याळ कातडीखालच्या रक्तावर प्रकाश टाकून ठोके मोजतं. हात गार असले, काठ्या घट्ट आवळल्या किंवा पट्टा सैल असला की त्याला ठोके नीट सापडत नाहीत. कधी कधी तर ते पावलांची लयच ठोके म्हणून मोजत बसतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून आवळला, तेव्हा आकडा ताळ्यावर आला. छातीवर बांधायचा पट्टा जास्त भरवशाचा. हाताने मोजायचं तर 15 सेकंदच मोजा. थांबल्यावर नाडी इतक्या भराभर उतरते की मिनिटभर मोजत बसलात तर चढताना किती होती ते कळणारच नाही. मानेवर मोजत असाल तर एकाच बाजूला, हलक्या बोटांनी.

पण चढताना नाडी किती गेली यापेक्षा थांबल्यावर ती किती उतरते, हे मी जास्त बघते. झाडीच्या वरच्या टोकाला दिरांची नाडी 152 होती. उभ्या उभ्या, काठ्यांवर रेलून एक मिनिट थांबलो, तर 124 वर आली. मिनिटात 28 ठोके उतरले. तेव्हा आम्ही पाणी पिऊन लगेच निघालो. थांबायचं ते असंच, मिनिट-दीड मिनिट, उभ्याने, पाय थोडे हलते ठेवून. जोराच्या चढानंतर एकदम थबकलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येऊ शकते. दहा-दहा मिनिटं बसलं तर अंग गार पडतं आणि पुन्हा लय लागायला वेळ जातो.

घळीच्या वरच्या भागात ऊन थेट अंगावर आलं. चाल सकाळचीच होती, किंबहुना जरा मंदच, तरी माझी नाडी 138 वरून 147 वर गेली. हे होतंच. घामाने अंगातलं पाणी कमी होतं, कातडी गार ठेवायला रक्त तिकडे वळतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं आणि ती भरपाई हृदय ठोके वाढवून करतं. अशा वेळी सकाळचा वेग धरून बसायचं नाही. वेग कमी करून आकडा पट्ट्यात ठेवायचा.

खिंडीत दिरांची नाडी 156 होती. मिनिटाने बघितलं तर 150. फक्त सहा ठोके उतरले. दवाखान्यातल्या व्यायाम-चाचणीत पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. डोंगरावर तो नियम तंतोतंत लावता येत नाही, पण त्याच माणसाचे सकाळचे 28 समोर होते. सावलीत बसवलं, बूट सैल केले, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, ठोके चुकल्यासारखं वाटणं, यांतलं काही होतंय का ते एकेक करून विचारलं. नव्हतं. यांतलं एक जरी असतं तर माथ्याचा विषयच संपला असता. तिथेच बसवून मदत बोलवायची, त्या माणसाला चालवायचं नाही.

वीस मिनिटांनंतरही नाडी 118 होती आणि वाक्य मध्येच तुटत होतं.

“वहिनी, तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबतो,” ते म्हणाले.

“नाही भाऊजी, दोघंही उतरू.”

माथा 130 मीटर वर होता. आमचा नियम असा होता की वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर नाडी 100 च्या आसपास आली नाही किंवा बोलणं सलग झालं नाही, तर परत फिरायचं. हा आकडा आम्ही आमच्यापुरता ठरवलेला आहे. तुम्ही तुमचा घरीच ठरवा, कारण माथा दिसायला लागल्यावर ठरवलेला आकडा हमखास सैल निघतो. आणि दमलेल्या माणसाला एकटं मागे ठेवू नका.

उतरताना नाडी 110 च्या आत राहिली. झाडीत पोचेपर्यंत दिरांच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. दोन दिवस आधी त्यांना ताप येऊन गेला होता, हे तेव्हा कळलं. तापानंतर नाडी काही दिवस चढीच राहू शकते. निघायच्या सकाळी अंथरुणातली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त भरली तर खडा चढ पुढे ढकला. रक्तदाबावर किंवा हृदयावर नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर वरचं सूत्र तुम्हाला लागूच नाही. आकडा खाली दिसेल आणि दम मात्र लागलेला असेल. तुम्ही वाक्यावर भरवसा ठेवा आणि मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.