जूनची फी आणि आमची मोडलेली आरडी

गेल्या वर्षी वहिनींनी घरच्या ग्रुपवर पाच चित्रांचा एक कॅरोसेल टाकला. हातात येणाऱ्या पैशांचे तीन वाटे करायचे : गरजा 50 टक्के, हौस 30, बचत 20. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने 2005 साली मांडलेला हा हिशेब. शेवटच्या चित्रात सगळं कसं गोल बसलेलं. मग आम्हीही बसलो, वही घेऊन.

माझा पगार पीएफ कापून 32 हजार हातात येतो. बायको शिवणकाम करते. लग्नसराईत तिला 12 हजारही सुटतात, पण आम्ही तिचा सगळ्यात पडेल महिना धरला, 8 हजार. एकूण 40 हजार. म्हणजे नियमाने गरजांना 20, हौसेला 12 आणि बचतीला 8 हजार.

गरजा अशा निघाल्या : जुळे सोलापुरातलं घरभाडं 7,500, किराणा 5,000, दूध-भाजी 3,500, लाइट आणि गॅस 1,800, मुलीची रिक्षा 1,000, पेट्रोल-रिचार्ज 2,000, आईची औषधं 1,200. बेरीज 22 हजार, म्हणजे 55 टक्के. किराण्यातलं फरसाण आणि थंड पेयं मी हौसेत ढकलली. शेंगाचटणीलाही हात घालणार होतो, तर "अहो, चटणी गरजेतच राहणार," असा निकाल आला. तो मान्य केला. पाच टक्क्यांनीच चुकतोय म्हणून खूश होऊन वही मिटली.

जूनमध्ये शाळेची फी आली, 18 हजार. खात्यात तेवढे नव्हते. बँकेतली आरडी मोडली. व्याज घटलं ते वेगळंच, पण खरं लागलं ते हे, की दरवर्षी जूनमध्येच येणारी फी आम्हाला अचानक आल्यासारखी वाटली.

त्या रात्री मी पासबुक आणि यूपीआयचा बारा महिन्यांचा हिशेब काढला. दर महिन्याला न येणारा, पण येणारच, अशा प्रत्येक मोठ्या खर्चावर लाल खूण केली. तीन निघाले. फी 18,000. नोव्हेंबरात आरोग्यविम्याचा हप्ता 14,400. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळू निघाला की मंगळवेढ्याकडून आणतो ती वर्षाची ज्वारी, सोबत गहू, मिळून 9,600. एकूण 42 हजार, बाराने भागले की महिना 3,500. कॅरोसेलमध्ये या पैशांना जागाच नव्हती, कारण तिथला महिना सुटा महिना होता. हे मिळवल्यावर आमच्या गरजा 25,500 झाल्या, जवळजवळ 64 टक्के. भाड्याच्या घरात, एका मुलीसह, 40 हजारांत त्या 50 वर आणायच्या तर घरच बदलावं लागेल. तो नाद आम्ही सोडला.

राहिले 14,500. इथे भिशीवरून वाजलं. बायको महिना 2,000 भरते आणि ती बचत आहे यावर ठाम होती. मी विचारलं, मागच्या वेळी नंबर लागला तेव्हा 24 हजारांचं काय झालं? वॉशिंग मशीन. त्याआधी? बहिणीच्या लग्नातल्या साड्या. पैसा ठेवला कुठे यापेक्षा तो शेवटी गेला कुठे, यावर वाटा ठरवायचा असं आमचं ठरलं आणि भिशी हौसेत गेली. दोन दिवस घरात जरा शांतता होती.

मग वाटणी झाली. हौस 7,500, त्यात भिशी, दिवाळी, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आणि महिन्यातून एकदा हॉटेल. बचत 7,000 : आरडी 4,000 आणि मुलीच्या सुकन्या खात्यात 3,000. सुकन्याचे पैसे अडचणीत लगेच काढता येत नाहीत, म्हणून अडीअडचणीचा भार आरडीवर. तीन महिन्यांच्या गरजा, म्हणजे 76,500 जमायला दीड वर्षाहून जास्त लागेल. टक्क्यांत मांडलं तर जवळजवळ 64, 19 आणि साडेसतरा. पगारातून कापले जाणारे 1,800 पीएफचे उत्पन्नात आणि बचतीत दोन्हीकडे धरले, तर बचत 21 टक्के होते. मी ते धरत नाही, उगाच छाती फुगते.

ते 3,500 मात्र पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात जाऊ लागले, ज्याचं कार्ड आम्ही घेतलंच नाही. जुलैपासून सुरुवात. नोव्हेंबरात जमले होते 17,500, विमा भरून 3,100 उरले. मार्चपर्यंत ते 17,100 झाले आणि ज्वारी-गहू रोख आणला. शिल्लक 7,500, एप्रिल ते जूनचे 10,500 मिळवून बरोबर 18 हजार.

शाळेने फी वाढवून 19,500 केली होती. वरचे 1,500 त्या महिन्याच्या हौसेतून काढले, हॉटेल बुडालं, मुलगी फुगून बसली. आरडीला हात लागला नाही. जुलैपासून 3,500 च्या जागी 3,625 टाकतो.