खातं उघडलं, पण आधार जोडलं का?

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हणजे स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं खातं हवं. बँकेची वेळ आणि बाबांच्या कामाची पाळी एकच, त्यामुळे सोलापुरात कॉलेजजवळच्या बँकेत मी एकटीच गेले. आधार, पॅन, झेरॉक्स, दोन फोटो असं सगळं फाईलमध्ये घेतलं होतं.

काउंटरवरच्या सरांनी आधी विचारलं, "वडील नाही आले?" मी म्हटलं, "माझंच खातं आहे, सर." अठरा पूर्ण झाली की कुणाला सोबत आणावं लागत नाही, ओळख द्यायला जुना खातेदारही शोधावा लागत नाही. तरी हा प्रश्न येतोच.

सरांनी साध्या बचत खात्याचा फॉर्म पुढे केला. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागते. हॉस्टेलवर राहून ते मला कुठून जमणार? "झिरो बॅलन्सचं मिळेल का?" विचारलं, तर म्हणाले, त्यात सोयी कमी असतात. मला पासबुक आणि एटीएम कार्ड एवढंच हवं होतं, आणि ते त्यातही मिळतं. मग ड्रॉवरमधून दुसरा फॉर्म निघाला. त्याला मूलभूत बचत खातं म्हणतात. अट अशी की त्याच बँकेत आपलं दुसरं बचत खातं नको, आणि दुसऱ्या कुठल्या बँकेत असं मूलभूत खातंही नको.

आधारवर पत्ता गावाकडचा होता. हॉस्टेलचा पत्ता मी फॉर्मवर वेगळा लिहून सही केली, तेवढं चाललं. नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलं. सही मराठीत केली, सर दोनदा म्हणाले, "कायम अशीच करणार ना?" मशीनवर अंगठा काही केल्या उमटेना, शेवटी तर्जनीवर काम झालं.

खाते क्रमांक हातात आल्यावर उठणार, तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, "शिष्यवृत्तीसाठी आहे ना? मग डीबीटीचा फॉर्म दिलास?" मला वाटलं होतं, आधार दिलं म्हणजे जोडलं गेलं. तसं नसतं. खातं उघडताना आधार लागतं ते ओळख पटवायला. सरकारी पैसे आधारवरून कुठल्या बँकेत पाठवायचे याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे वेगळी होते, आणि त्यासाठी बँकेला वेगळी संमती द्यावी लागते. एका आधारला अशी एकच बँक जोडलेली राहते. मॅडमनी फॉर्म दिला, मी तिथेच भरला आणि पोच मागून घेतली.

नोंद झाली का ते घरबसल्या कळतं. myaadhaar.uidai.gov.in वर लॉगिन करून Bank Seeding Status उघडायचं. खाते क्रमांक दिसत नाही, बँकेचं नाव आणि Active आहे की नाही ते दिसतं. माझं काही दिवसांनी Active झालं. रूममेटचंही Active होतं, पण नाव गावाकडच्या जुन्या बँकेचं निघालं. ते खातं तर वापराविना बंद पडलेलं. आता तीही संमतीचा फॉर्म भरायला निघाली आहे.