बोंबील, सनई आणि आजी

काल दुपारी साडेबाराच्या सुमाराला खालच्या मजल्यावर कोणीतरी सुके बोंबील भाजले. मी लॅपटॉपसमोर, हातात कसलंतरी एक्सेल, पोटात दीड तासापूर्वीचे पोहे, म्हणजे भूक वगैरे अजिबात नाही, आणि तरी तोंडाला असं पाणी सुटलं की चालू कॉलवर "हो सर" म्हणायच्या आधी आवंढा गिळावा लागला.

हॉस्टेलला माझी रूममेट लातूरची, घरात अंडंसुद्धा नाही. एकदा मी घरून आणलेल्या बोंबलांची पिशवी नुसती उघडली तर ती नाक दाबून गॅलरीत. वास तोच, नाकंही दोघींची सारखीच. पण माझ्या मेंदूकडे त्या वासाचा वीस वर्षांचा हिशोब होता, की यामागून तांदळाची भाकरी येते, तिच्याकडे तो नव्हता. नुसत्या दुधावर वाढवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांवर रशियात हा प्रयोगच झालाय म्हणे, मांसाचा वास पहिल्यांदा दिला तर तोंडाला टिपूस पाणी नाही, आणि एकदा मांस खाऊ घातलं की मग सुरू. म्हणजे लाळ वासाला सुटत नाही, आठवणीला सुटते.

हे शास्त्र आम्हाला लहानपणी गावच्या लग्नांत पाठ होतं. सनईवाल्याच्या बरोब्बर समोर उभं राहायचं, फ्रॉकच्या खिशातून कच्ची चिंच काढायची, मिठात बुडवायची आणि डोळे बारीक करून मचामचा चोखायची. बिचारा गाल फुगवून वाजवतोय, ओठात पत्ती, तोंड सोडता येत नाही, थुंकता येत नाही, आणि आतून पाझर फुटलेला. पत्ती ओली झाली की सूर असा गिळगिळीत व्हायचा की मुंडावळ्यांतून नवरदेवही वळून बघायचा. एक म्हातारा सनईवाला मात्र पक्का होता, आम्ही दिसलो की शांतपणे पाठ फिरवून वाजवायचा. शेवटी मामाने माझा कान धरला, चिंचही गेली.

आंबटाला सगळ्यात जास्त लाळ सुटते त्याला कारण आहे, आम्ल दातांना खातं, ते पातळ करायला आणि त्याचा जोर मारायला तोंड आधीच तयारीला लागतं. बाकी जेवणासाठीही तसंच, कोरड्या तोंडात भाकरीचा घास ना फिरतो ना उतरतो, आणि लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला चवच कळत नाही.

पण तोंड हा नुसता ओटा झाला, खरी धांदल आत असते. पावलोव या रशियन शास्त्रज्ञाचं नाव काढलं की सगळ्यांना कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणणारी घंटा आठवते, पण त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्याने कुत्र्याची अन्ननलिका गळ्याशी कापून बाहेर उघडली (वाचताना मलाच कसंतरी झालं), म्हणजे कुत्रं मजेत मांस खातंय, चावतंय, गिळतंय, आणि घास गळ्यातून परत ताटलीत पडतोय. पोटात कण नाही. तरी पाचेक मिनिटांत पोटात पाचक रस झरायला लागला. मेंदूतून पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस कापली, की तेच खाणं, तीच चव, पण रस बंद. म्हणजे पाहुणे फाटकात दिसले की आत आधण ठेवायला सांगणारी हीच. तो रस त्याने अपचनावरचं औषध म्हणून विकलासुद्धा, त्यावर लॅबचा खर्च काढला. माणूस रत्नागिरीचा शोभला असता.

आणि त्यानेच उलटंही करून पाहिलं, कुत्र्याच्या नकळत मांस थेट पोटात सरकवलं. नाकाला पत्ता नाही, जिभेला नाही, तर ते पोटात बराच वेळ तसंच पडून, रस येतो पण उशिरा आणि थोडा.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. शेवटचे दोन महिने तिला नाकातून नळी होती. दर दोन-तीन तासांनी मावशी मोठ्या सिरिंजने पातळ, कोमट, पांढरट काहीतरी सोडायची, आजी छताकडे बघत पडलेली, जेवण झालं हे तिला सिरिंज धुतल्याच्या आवाजावरून कळायचं. तोंड कायम कोरडं, ओल्या कापसाने पुसायला लागायचं. गिळायला बंदीच होती, ठसका लागून फुफ्फुसात जाईल म्हणून.

एका दुपारी मावशीने स्वतःसाठी गॅसवर दोन बोंबील भाजले, दार लोटायला विसरली. मी आजीच्या उशाशी. तिने डोळे उघडले, नळी लावलेलं नाक जरा हललं, आणि कोरड्या ओठांच्या कोपऱ्यातून एक बारीक ओघळ हनुवटीवर आला. मी पुसायला कापूस उचलला आणि तसाच हातात धरून बसले.