तुम्ही विचारलंत म्हणून: गोतसभा, मिताक्षरा आणि तेलात घातलेला हात

"तुम्ही मोडी वाचता ना, मग सांगा, पूर्वी गावातल्या गावात पंच बसून न्याय द्यायचे तेच बरं होतं ना? आजच्या कोर्टात तर पिढ्या जातात."

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अगदी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्येसुद्धा मला हे विचारलं गेलंय, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त "हो" ऐकायचं असतं. मी "हो" म्हणत नाही म्हटल्यावर लगेच दुसरं टोक, म्हणजे तुम्ही इंग्रजांच्या बाजूच्या. तसंही नाहीये. एकदाच नीट लिहून ठेवते, यापुढे लिंक पाठवीन.

आधी पोथीतला कायदा. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा, जी कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिली गेली, यांच्यात पुराव्याचा क्रम अगदी स्वच्छ आहे. लिखित, भुक्ती आणि साक्षी, म्हणजे कागद, प्रत्यक्ष वहिवाट आणि साक्षीदार. यातलं काहीच नसेल तर आणि तरच दिव्य, म्हणजे निकाल देवावर सोपवणारी परीक्षा. शिवाय मुदतीचा नियम आहे, मालक डोळ्यांनी बघतोय, तोंडातून शब्द काढत नाहीये आणि दुसरा त्याची जमीन 20 वर्षं खातोय, तर हक्क बुडाला. (मिताक्षरा इथे घासाघीस करते, बुडतं ते उत्पन्न, मूळ जमीन नाही म्हणते, पण तो वाद आत्ता नको.) एकदा निकाल लागलेला दावा पुन्हा आणला तर प्रतिवादी "हे आधीच ठरलंय" एवढं म्हणून सुटू शकतो, त्याला प्राङ्न्याय म्हणतात. हे सगळं वाचलं की वाटतं अरे, हे तर आजच्या वकिलालाही कळेल.

आता गाव. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे पाटील, वर देशमुख-देशपांडे, असं गोत जमायचं. दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घ्यायचे, की सभा जे ठरवील ते मान्य. (आज नोकरी सोडताना देतो तो राजीनामा नव्हे, राजी असल्याचा कागद.) मग दोघांच्या तकरिरा म्हणजे जबान्या, मग साक्षी, आणि साक्षीदाराला बजावायचे की खोटं बोललास तर बेचाळीस कुळं नरकात जातील. शेवटी महजर म्हणजे निकालपत्र, त्यावर हजर असलेल्यांची यादी आणि खाली निशाण्या, पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार. हरलेल्याकडून यजितखत, "मी खोटा, माझा वादाशी संबंध नाही" असं लिहून. आणि हे कुणाला माहीतच नसतं की पैसे दोघंही भरायचे, हरणारा गुन्हेगारी आणि जिंकणारा हरकी. फुकट न्याय वगैरे जे सांगतात ना, त्यांनी एकदा हरकीचे आकडे बघावेत.

सगळ्यांना आवाज होता, हेही सांगतात. शिवेचा वाद असला की महाराची साक्ष वजनदार असायची, त्याच्याशिवाय शीव ठरत नसे, हे खरंच आहे आणि मी ते कागदांत वाचलंय. पण शीव दाखवून झाल्यावर तो माणूस त्याच गावात कुठे उभा राहायचा, हे महजर सांगत नाही.

आता ज्या कागदामुळे मी हे सगळं लिहितेय तो. हडपसरला राहणारे एक काका, त्यांचा मुलगा आणि सून माझ्याकडे सदाशिव पेठेत आले होते, मूळ गाव पुरंदरच्या बाजूचं. पिशवीत कापडात गुंडाळलेला लांबलचक कागद, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या अमदानीतला. घरात पिढ्यान्पिढ्या ऐकत आलेले की या कागदात आपल्या पाटीलकीचा पुरावा आहे, म्हणून काकांना तो मोठ्याने वाचून हवा होता, आणि सून मोबाईलवर रेकॉर्ड करत होती.

मी वाचायला लागले. वाद दोन शाखांचा. थोरल्याची शाखा दुष्काळात गाव सोडून गेली, धाकट्याची शाखा राहिली आणि पाटीलकी चालवू लागली. थोरल्याचा नातू परत आला आणि म्हणाला वडीलपण आमचं, पोळ्याला पहिला बैल आमचा, होळीची पोळी आमची, टिळा-विडा आधी आम्हाला. धाकट्याकडचे म्हणाले हा कोण आम्हाला ठाऊक नाही, आमच्या आज्याला भाऊच नव्हता. जुने कागद धामधुमीत जळालेले. म्हणजे लिखित नाही. भुक्ती पूर्णपणे धाकट्याकडे, तीही तीन पिढ्यांची. साक्षी विचारल्या तर गोत दुभंगलेलं, दोघं-तिघं म्हातारे म्हणतात थोरला भाऊ होता असं ऐकलंय, बाकीचे म्हणतात ऐकलं नाही.

इथे थांबून बघा. पोथी उघडली असती तर वाद इथेच संपला. वहिवाट एका बाजूला, तीन पिढ्या, दुसऱ्याकडे काहीच नाही. परत आलेला नातू घरी. आणि दिव्याचा तर प्रश्नच नाही, कारण वहिवाटीसारखा मानुषी पुरावा हाताशी आहे.

पण वतनाच्या बाबतीत गाव असं मोजत नव्हतं. दुष्काळात, स्वारीत परागंदा झालेला वतनदार दोन पिढ्यांनी आला तरी वतन त्याचंच, वर्षं गेली म्हणून वतन मरत नाही, ही पक्की समजूत होती आणि असे परत मिळवलेले हक्क कागदांत बरेच दिसतात. गाव सोडावं लागलेल्या माणसासाठी हा नियम पोथीपेक्षा फार दयाळू आहे, हे मी आजही म्हणते. म्हणून सभेने नातवाला हाकलला नाही. त्याचा दावा जिवंत ठेवला. आणि ठेवला म्हणूनच आता पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न आला. थळ बदलून दुसरीकडची सभा मागितली गेली, तिथेही साक्षी तशाच. मग ठरलं, नातवाने रवा काढावा.

मी इथे वाचायची थांबले होते. काका म्हणाले, "वाचा की, बाई."

रवादिव्य म्हणजे तेल-तूप कढवून त्यात धातूचा तुकडा टाकतात, तो हाताने काढायचा. आदल्या दिवशी हात धुऊन नखं काढतात, हातावर आधीचे काही डाग, जखमा आहेत का ते बघून लिहून ठेवतात, आणि हाताला पिशवी बांधून मोहोर करतात, म्हणजे रात्री कुणी काही लेप लावू नये. सकाळी देवळासमोर गोत जमतं, दाव्याचं वाक्य लिहिलेलं भाळपत्र त्याच्या कपाळाला बांधतात. तो रवा काढून सगळ्यांना दाखवतो. पुन्हा पिशवी, पुन्हा मोहोर. तिसऱ्या दिवशी उघडून बघतात. या कागदात तिसऱ्या दिवसाची ओळ एवढीच होती की हात जळाला, फोड आले, खोटा झाला. खाली नातवाचं यजितखत, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात. आणि समोर बसलेले काका त्या नातवाच्या वंशातले. घरात जपलेला कागद हरल्याचा होता.

सुनेने रेकॉर्डिंग बंद केलं. काका बराच वेळ कागदाकडे बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही खोटे?"

मी तेव्हा जे बोलले ते फार पुस्तकी होतं, की त्या काळच्या पद्धतीप्रमाणे वगैरे. काकांनी मध्येच तोडलं, "अहो पण भाऊ नसता तर तो कढईत हात घालेल का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. खोटा माणूसही हात घालतो, पाटीलकीचा मोह काही लहान नव्हता. खरा माणूसही भाजतो, तेल कुणाचा पक्ष बघत नाही. तेल किती तापवायचं हे चुलीपाशी बसलेला ठरवणार, आणि तिसऱ्या दिवशी त्वचेवर जे दिसतंय तो फोड की आधीचाच डाग, हे सभा ठरवणार, म्हणजे देवावर सोपवलेला निकाल फिरून त्याच माणसांच्या हातात, ज्यांच्या साक्षी जुळत नव्हत्या. मला वाटतं बऱ्याच सभांना हे कळत असणार. दुभंगलेल्या गावात हरलेल्याला तोंड बंद करायला आणि जिंकलेल्याला त्याच विहिरीवर पाणी भरायला दिव्याने वाट दिली. तोही एक उपयोगच. पण त्याला न्याय म्हणायचं का?

मी मोडी शिकत होते तेव्हा वादात हिरीरीने म्हणायचे की गोतसभेचा निकाल टिकायचा कारण हरणारा स्वतः लिहून द्यायचा, आजच्या कोर्टात हरणाऱ्याला तोंडच नसतं. त्या तेव्हाच्या मुलीला आता विचारावंसं वाटतं, लिहून दिलं नसतं तर? गावात राहायचं, रोटी-बेटी त्याच गोतात, वाळीत पडलं तर नांगराचा फाळ शेवटायला लोहार नाही, हजामतीला न्हावी नाही. त्या अवस्थेतली सही आपखुशीची किती? पण ती मुलगीही गप्प बसणार नाही, ती म्हणेल की निकाल टिकायचेच असे कुठे, राज्य बदललं की तोच वाद नव्या दरबारात जायचा, म्हणजे यजितखत लिहूनही माणसं भांडत राहिली, दबलेली नव्हती. तिचंही बरोबर आहे. पोथीतला प्राङ्न्याय गावाने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

पेशवाई बुडाल्यावर इथला कारभार बघणाऱ्या एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 च्या अहवालात पंचायती लोकांना आपल्या वाटतात म्हणून ठेवायच्या बाजूने लिहिलं आणि त्याच अहवालात त्यांची दुखणीही लिहिली, पंच जमत नाहीत, पक्षकाराला हजर करायला जोर नाही, प्रकरणं रेंगाळतात. म्हणजे रेंगाळणं कोर्टाबरोबर आलं हेही खरं नाही. आणि वाळीत टाकण्याची ती ताकद जातपंचायतींनी आपल्या काळापर्यंत वापरली, म्हणून तर महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

काकांनी नंतर फोन करून लिप्यंतर मागितलं, पूर्ण, यजितखतासकट. मुलाचं म्हणणं होतं शेवटचा भाग गाळा, नातेवाइकांना दाखवायचंय. मी सगळं दिलं. दोघांचं अजून पटलेलं नाही, आणि काका अजून म्हणतात भाऊ होताच.

तुमच्याकडे असा कागद असेल तर आणा, पण "आम्ही जिंकलो का" एवढंच विचारू नका. राजीनामा दोघांचा आहे का, थळ कुणी मागितलं, साक्षी कुठे फुटल्या, हरकी कुणाच्या नावावर आणि यजितखत कुणाच्या हस्ताक्षरात, हे बघायला वेळ काढून या. एका दुपारीत होत नाही.