पत्रात जिना कशाला?

"मॅडम, इंटर्नशिपच्या शिफारसपत्रात तुम्ही मुलांच्या चुका का लिहिता? नुसतं चांगलं लिहिलं तर काय बिघडतं?"

मी आर्किटेक्चर शिकवते आणि दर सेमिस्टरला हे ऐकते, पालकांकडूनसुद्धा, म्हणून एकदा नीट सांगते. "क्रिएटिव्ह, मेहनती, सगळ्यांशी मिळून मिसळून वागणारी" हे मी कुणाबद्दलही लिहू शकते. डिझाइन कसं आहे ते ऑफिसला पोर्टफोलिओत दिसतंच. दिसत नाही ते हे, की ड्रॉइंग एकमेकांशी जुळत नाही हे लक्षात आल्यावर ही मुलगी काय करते.

एका विद्यार्थिनीचा जिना होता. मजला 3.6 मीटर उंच, 150 मिलिमीटरचे 24 रायझर म्हणजे पायऱ्यांचे उभे चढ, बारा-बाराच्या दोन फ्लाइट आणि मधल्या लँडिंगखालून मागे जायचं दार. प्लॅनमध्ये सगळं व्यवस्थित. जुरीच्या, म्हणजे कामाच्या परीक्षणाच्या आदल्या संध्याकाळी तिने 1:50 चं सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं ड्रॉइंग काढलं तर लँडिंग 1.8 वर, त्यातून 150 ची स्लॅब गेली, खाली उरले 1.65 मीटर, म्हणजे माणूस वाकूनच जाणार. सेक्शनची रेघ जरा सरकवली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि मैत्रिणी तेच सांगत होत्या. ती मात्र माझ्याकडे येऊन म्हणाली, पहिली फ्लाइट पंधरा रायझरची केली तर? लँडिंग 2.25 वर गेलं, खाली 2.1 मिळाले, दाराजवळची जमीन एक पायरी उतरवली तेव्हा 2.25 झाले. पण पाय ठेवायचे 300 चे ट्रेड अकराऐवजी चौदा लागले, फ्लाइट 3.3 ची 4.2 मीटर झाली, शेजारची खोली तेवढी आखडली आणि एक कॉलम हलवावा लागला. सगळे प्लॅन पुन्हा काढण्यात रात्र गेली, रेंडर अर्धवट राहिले, जुरीत त्याचे मार्क गेलेच. तिला रडताना बघून मला फार वाईट वाटलं होतं.

पत्रात मी हेच चार ओळींत लिहिलं. वाचून ती म्हणाली, "मॅडम, हे कशाला?" मी म्हटलं, नको असेल तर काढते. दोन दिवसांनी म्हणाली, राहू दे. एका ऑफिसने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने मुलाखतीत कागद पुढे करून तोच जिना काढायला सांगितला आणि तिला घेतलं. पत्रामुळे घेतलं का, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पूर्वी माझं ठाम मत होतं की शिक्षकाने मुलाची उणी बाजू बाहेर नेऊच नये, आणि ते मत अजून पुरतं सुटलेलं नाही. म्हणून जी चूक मुलाने स्वतः पकडून निस्तरली तेवढीच लिहिते, घरचं, तब्येतीचं काही नाही, आणि आधी त्याला वाचायला देते. कुणी नको म्हणालं तर ती काढून पत्र देते. मग पत्रात फारसं काही उरत नाही, पण तो निर्णय त्याचा.